चुकलेली मुदत, माफीचे पत्र आणि नवी तारीख: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

एका यंत्रनिर्मिती कंपनीने आपल्या नव्या वेष्टन यंत्राची वापर व देखभाल पुस्तिका तयार करण्याचे काम तीन जणांच्या एका लेखनगटाकडे दिले होते. गटात एक गटप्रमुख, एक लेखक आणि बाहेरून काम करणारा एक आकृतीकार होता. पुस्तिकेची नऊ प्रकरणे होती आणि अंतिम फाइल्स शुक्रवारी, 14 तारखेला संध्याकाळी 5 वाजेपर्यंत कंपनीच्या प्रकल्प समन्वयकांकडे पोहोचायच्या होत्या. या घटनेतील व्यक्ती आणि संस्था ओळखू येऊ नयेत, म्हणून कामाचे काही तपशील बदलले आहेत. तारखांचा क्रम आणि पत्रांतील मजकुराचा गाभा मात्र तसाच ठेवला आहे. गटाच्या कार्यालयातून बाहेर जाणारी महत्त्वाची पत्रे वाचून पाहण्याचे काम माझ्याकडे असल्यामुळे हे पत्रही माझ्यासमोर आले.

सोमवारी, 3 तारखेला समन्वयकांनी नियंत्रण फलकाचे सुधारित आराखडे पाठवले. त्यांच्यामुळे प्रकरण 6 (नियंत्रण फलक आणि सेटिंग) आणि प्रकरण 7 (बिघाड शोधणे) यांतील अठरा आकृत्या नव्याने काढाव्या लागणार होत्या. आकृतीकार दिवसाला साधारण तीन आकृत्या पूर्ण करत असे. आराखडे त्याच दिवशी त्याच्याकडे गेले असते, तर 10 तारखेपर्यंत सर्व आकृत्या हाती आल्या असत्या आणि मजकूर जुळवण्यासाठी व तपासणीसाठी चार दिवस उरले असते. प्रत्यक्षात ते गटप्रमुखांच्या टपालपेटीतच राहिले आणि 11 तारखेला आकृतीकाराकडे गेले. शुक्रवारी संध्याकाळी अकरा आकृत्या तयार होत्या आणि सात बाकी होत्या.

अडचण

काम वेळेत होणार नाही हे गटप्रमुखांना गुरुवारी दुपारीच दिसले होते. तरीही शुक्रवारी काहीतरी मार्ग निघेल या आशेवर त्यांनी कोणालाच काही कळवले नाही. शुक्रवार गेला, शनिवार-रविवारही गेले आणि सोमवारी, 17 तारखेला सकाळी समन्वयकांचे दोन ओळींचे पत्र आले: "शुक्रवारी फाइल्स येणार होत्या. त्या कुठे आहेत आणि कधी मिळतील?"

या दोन ओळींत दोन प्रश्न आहेत, आणि गटप्रमुखांनी तासाभरात लिहिलेल्या उत्तराच्या मसुद्यात दोहोंपैकी एकाचेही उत्तर नव्हते. तो मसुदा असा होता:

> महोदय, सप्रेम नमस्कार. आपल्या पुस्तिकेच्या कामात काही अपरिहार्य कारणांमुळे थोडा विलंब झाला आहे. आपल्याकडून आलेले सुधारित आराखडे आणि आकृत्यांच्या कामातील तांत्रिक अडचणी यांमुळे अंतिम फाइल्स नियोजित वेळेत पूर्ण होऊ शकल्या नाहीत. आमचा संपूर्ण गट अहोरात्र काम करत असून, लवकरात लवकर, बहुधा या आठवड्याच्या मध्यापर्यंत, काम पूर्ण करण्याचा आमचा प्रयत्न आहे. आपली काही गैरसोय झाली असल्यास आम्ही मनःपूर्वक दिलगीर आहोत. आपण परिस्थिती समजून घ्याल, ही नम्र विनंती.

मसुद्याची चिकित्सा

वरवर पाहता या मसुद्यात उद्धटपणा कोठेच नाही आणि भाषाही शुद्ध आहे. अशी पत्रे दररोज लिहिली जातात, म्हणूनच ती कोठे घसरतात हे बारकाईने पाहण्यासारखे आहे.

पहिल्या दोन वाक्यांत कोणीही काहीही केलेले नाही. विलंब "झाला", फाइल्स पूर्ण "होऊ शकल्या नाहीत". जणू पाऊस पडावा तसा उशीर आपोआप कोसळला. कर्ता वगळण्याची ही सोय मराठी वाक्यरचनेत सहज मिळते आणि कार्यालयीन पत्रांत ती इतकी रुळलेली आहे की लिहिणाऱ्याला आपण काही लपवतो आहोत असे वाटतही नाही. वाचणाऱ्याला मात्र ते लगेच जाणवते, कारण त्याच्या मनात पहिला प्रश्न "हे कोणामुळे झाले?" हाच असतो.

दुसऱ्या वाक्यात दोन कारणे आहेत आणि दोन्ही बोटे दुसऱ्यांकडे रोखलेली आहेत, एक ग्राहकाकडे आणि एक आकृतीकाराकडे. मी गटप्रमुखांना विचारले, "बदल पाठवण्याची शेवटची तारीख काय ठरली होती?" त्यांनी कामाचा आराखडा उघडून पाहिला, तर तेथे 5 तारीख लिहिलेली होती. म्हणजे 3 तारखेला आलेले आराखडे ग्राहकाने आपल्या हक्कानेच पाठवले होते आणि वेळेआधी पाठवले होते. मसुदा तसाच गेला असता, तर समन्वयकांनी तोच आराखडा उघडून ते वाक्य खोटे ठरवले असते, आणि मग उरलेल्या पत्रावरही त्यांनी विश्वास ठेवला नसता. आकृतीकाराबाबतही तेच. काम हाती आल्या दिवसापासून तो आपल्या नेहमीच्या गतीनेच काम करत होता.

"गैरसोय झाली असल्यास" ही शब्दरचना तर विशेष त्रासदायक आहे. ज्याला दोन दिवस वाट पाहून स्वतः विचारणा करावी लागली, त्याला त्रास झाला की नाही याबद्दल लिहिणारा शंका व्यक्त करतो. शिवाय मुदत चुकल्यापेक्षा जास्त खुपणारी गोष्ट, म्हणजे गुरुवारी कळूनही न कळवणे, तिचा संपूर्ण मसुद्यात उल्लेखच नव्हता.

शेवटचा दोष तारखेचा. "बहुधा या आठवड्याच्या मध्यापर्यंत" ही तारीख नव्हे. ती वाचून समन्वयकांना छपाईची वेळ ठरवता येत नाही आणि आपल्या वरिष्ठांना काही सांगताही येत नाही.

समोरचे पर्याय

त्या वेळी तीन मार्ग विचारात घेतले गेले. पहिला म्हणजे मसुद्यातील दोन-चार वाक्ये सुधारून तो तत्काळ पाठवणे. यात उत्तर लवकर गेले असते, पण नवी तारीख अंदाजानेच द्यावी लागली असती आणि ती चुकण्याची शक्यता मोठी होती. दुसरा मार्ग म्हणजे नेमकी तारीख हाती येईपर्यंत थांबून मगच सविस्तर लिहिणे. पत्र त्यामुळे पक्के झाले असते, पण आधीच गप्प राहिलेल्या गटाने आणखी अर्धा दिवस गप्प राहणे समन्वयकांना उपेक्षेसारखे वाटले असते.

तिसरा मार्ग निवडला गेला. आलेल्या पत्राला लगेच एक छोटे उत्तर द्यायचे, नंतर दूरध्वनीवर बोलायचे आणि दुपारी 1 पर्यंत सविस्तर पत्र पाठवायचे. छोट्या उत्तरात एवढेच होते: "फाइल्स शुक्रवारी द्यायच्या होत्या, त्या आम्ही दिलेल्या नाहीत. नवी तारीख आज दुपारी 1 वाजेपर्यंत लेखी कळवते. त्याआधी, आपल्याला सोयीचे असेल तर 11 वाजता दूरध्वनी करते." या उत्तरात माफी नाही, कारण कशाची माफी मागायची ते अजून नीट सांगता येत नव्हते, पण पाळता येईल असा एक छोटा शब्द त्यात होता आणि तो दोन तासांतच पाळला जाणार होता.

दूरध्वनी करण्यावरून थोडा वाद झाला. गटप्रमुखांचे म्हणणे असे होते की तारीख हातात नसताना बोलणे म्हणजे फक्त बोलणी खाणे. माझ्या मते तारीख ठरवण्यासाठीच तो दूरध्वनी हवा होता. आपले काम कधी संपेल हे आपल्याला काढता येते, पण समोरच्याचे कोणते काम कशावाचून अडले आहे हे त्याला विचारल्याशिवाय कळत नाही. म्हणून संभाषणात खुलासे न देता मुख्यतः एकच प्रश्न विचारायचा असे ठरले: "फाइल्स न आल्यामुळे आपल्याकडे नेमके काय थांबले आहे आणि ते कधीपर्यंत थांबू शकते?"

उत्तराने चित्र बदलले. गुरुवारी, 20 तारखेला यंत्र चालवणाऱ्यांचे प्रशिक्षण होते आणि त्यासाठी सुरक्षा, उभारणी, जोडणी आणि चालवण्याची पद्धत ही प्रकरणे, म्हणजे 2 ते 5, लागणार होती. संपूर्ण पुस्तिका छपाईला गुरुवारी, 27 तारखेला जाणार होती आणि त्याआधी समन्वयकांना वाचनासाठी एक पूर्ण दिवस हवा होता. म्हणजे त्यांच्या दृष्टीने खरी मुदत एक नसून दोन होत्या, आणि पहिली तीन दिवसांवर आली होती.

तारीख कशी काढली

गटप्रमुखांच्या मनातील "बुधवार" हा आकृत्या संपण्याचा दिवस होता. त्यानंतरची कामे त्यांना ठाऊक होती, पण तारीख सांगताना त्यांनी ती मोजली नव्हती. ही चूक फार सार्वत्रिक आहे. डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी 1979 मध्येच दाखवून दिले होते की आपल्या कामाला किती वेळ लागेल हे ठरवताना माणसे समोरच्या कामाची सर्वांत सरळ वाटचाल डोळ्यांपुढे आणतात आणि तशाच जुन्या कामांना प्रत्यक्षात किती वेळ लागला होता हे पाहत नाहीत. माफीच्या पत्रात तर हा धोका दुणावतो, कारण अपराधी वाटणाऱ्या माणसाला समोरच्याला खूश करणारी जवळची तारीख द्यावीशी वाटते.

म्हणून उरलेले काम कागदावर मांडले. सोमवारी उरलेल्या अर्ध्या दिवसात एक, मंगळवारी तीन आणि बुधवारी तीन अशा सात आकृत्या 19 तारखेच्या संध्याकाळी पूर्ण होणार होत्या. नव्या आकृत्यांशी प्रकरण 6 आणि 7 मधील पायऱ्या व क्रमांक जुळवायला गुरुवार लागणार होता. प्रकरण 9 मधील सुट्या भागांची सूची त्या क्रमांकांवरच अवलंबून असल्यामुळे ती आणि दुसऱ्या व्यक्तीकडून तपासणी यांसाठी शुक्रवार. दुरुस्त्या करून अंतिम फाइल्स तयार होण्यास सोमवारी, 24 तारखेची दुपार. यानंतर गटाच्या आधीच्या दोन पुस्तिकांच्या नोंदी काढून पाहिल्या, तेव्हा दोन्हींमध्ये शेवटच्या दुरुस्त्यांना ठरवल्यापेक्षा सुमारे एक दिवस अधिक लागलेला दिसला. तो दिवस मिळवल्यावर मंगळवार, 25 तारीख, संध्याकाळी 5 ही वेळ आली. समन्वयकांना वाचनासाठी बुधवारचा पूर्ण दिवस त्यातून मोकळा मिळत होता.

24 तारीख द्यावी की 25, हा एक खरा निर्णयबिंदू होता. गटप्रमुखांना 24 बरी वाटत होती. पण 24 सांगून 25 ला देणे म्हणजे दुसऱ्यांदा मुदत चुकवणे, आणि पहिल्या चुकीनंतर मिळालेली सवलत दुसऱ्यांदा मिळत नाही. उलट बाजूने, सुरक्षित राहण्यासाठी 28 सांगितली असती तर छपाईच हुकली असती. 25 ही तारीख दोन्ही बाजूंच्या गरजांत बसणारी होती आणि तिच्यामागे मांडता येईल असा हिशेब होता.

दुसरा मसुदा

गटप्रमुखांचा दुसरा मसुदा पहिल्याच्या अगदी विरुद्ध टोकाला गेला. त्यात "माझ्या अक्षम्य निष्काळजीपणामुळे आपल्याला जो प्रचंड मनस्ताप झाला", "मला स्वतःचीच लाज वाटते" आणि दोनदा "कृपया मला क्षमा करावी" असे होते. जबाबदारी आली होती, पण पत्राचा विषय पुस्तिका न राहता लिहिणाऱ्याची मनःस्थिती झाला होता. असे पत्र आल्यावर समन्वयकांना आपले काम बाजूला ठेवून समोरच्याची समजूत काढणे भाग पडते.

रॉय लेविकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 मध्ये माफीचे सहा घटक वेगळे करून लोकांना त्यांपैकी काय पटते हे तपासले होते. त्यात चुकीची जबाबदारी घेणे सर्वांत महत्त्वाचे ठरले, त्याखालोखाल नुकसान भरून काढण्याची तयारी; आणि क्षमेची विनंती सर्वांत शेवटी आली. कामकाजाच्या पत्रांतील अनुभवही याहून वेगळा नाही. म्हणून दोन्ही विनंत्या काढल्या, विशेषणे काढली, आणि जागा मोकळी झाली ती घटनाक्रमाला व तारखेला दिली.

कराराचा प्रश्नही याच टप्प्यावर आला. करारात उशिराच्या प्रत्येक कामाच्या दिवसासाठी ठरावीक कपात होती आणि "चूक माझी" असे लेखी दिल्याने अडचण होईल का, अशी भीती होती. करार पाहणाऱ्या सहकाऱ्याला विचारले असता त्याने सांगितले की ही कपात उशीर कोणामुळे झाला यावर नव्हे, तर फाइल्स कोणत्या तारखेला पोहोचल्या यावर अवलंबून आहे, आणि त्या तारखा दोन्ही बाजूंना माहीत आहेत. करार निराळा असता तर शब्द अधिक जपून वापरावे लागले असते. येथे घडलेल्या गोष्टी सांगायच्या, पण कपातीबद्दल पत्रात काहीच बोलायचे नाही, असे ठरले.

पाठवलेले पत्र

> विषय: पुस्तिकेच्या अंतिम फाइल्स: नवी तारीख 25, मंगळवार
>
> महोदय,
>
> पुस्तिकेच्या अंतिम फाइल्स आम्ही शुक्रवारी, 14 तारखेला देणार होतो. त्या दिल्या नाहीत, आणि उशीर होणार हे गुरुवारी लक्षात येऊनही मी आपल्याला कळवले नाही. या दोन्हींबद्दल मी आपली माफी मागते.
>
> नियंत्रण फलकाचे सुधारित आराखडे आपण 3 तारखेला, ठरलेल्या मुदतीच्या आत पाठवले होते. मी ते आकृतीकाराकडे 11 तारखेला पाठवले. त्यामुळे प्रकरण 6 आणि 7 मधील सात आकृत्या अद्याप बाकी आहेत आणि त्यांवर अवलंबून असलेले प्रकरण 9 थांबले आहे.
>
> संपूर्ण पुस्तिकेच्या अंतिम फाइल्स मंगळवारी, 25 तारखेला संध्याकाळी 5 वाजेपर्यंत आपल्याकडे पोहोचतील. प्रकरणे 1 ते 5 आणि 8 तयार आहेत. गुरुवारच्या प्रशिक्षणासाठी ती आज दुपारी 3 वाजेपर्यंत पाठवते. शुक्रवारी, 21 तारखेला दुपारी 12 वाजता काम कुठवर आले ते कळवीन. 25 तारखेला धोका आहे असे दिसले, तर तेही त्याच वेळी सांगेन.
>
> यापुढे आपल्याकडून आलेला प्रत्येक बदल मी त्याच दिवशी संबंधित व्यक्तीकडे पाठवीन आणि तसे आपल्याला कळवीन.

तारीख विषयाच्या ओळीत घेतली, कारण समन्वयकांना हे पत्र पुढे वरिष्ठांकडे आणि छपाईवाल्यांकडे पाठवावे लागणार होते. "आम्ही" आणि "मी" यांची वाटणीही जाणीवपूर्वक केली आहे. फाइल्स देण्याचे वचन गटाचे होते म्हणून तेथे "आम्ही" आहे. न कळवणे आणि आराखडे अडकणे ही एका व्यक्तीची कृती होती म्हणून तेथे "मी" आहे. आकृतीकाराचा उल्लेख केवळ काम कोणाकडे गेले हे सांगण्यापुरता आला आहे. शुक्रवारच्या वाक्यावर गटप्रमुखांचा आक्षेप होता. त्यांना वाटे की त्यामुळे 25 तारीख डळमळीत दिसेल. पण ज्याला एकदा न सांगता वाट पाहायला लावले, त्याला पुढची खबर केव्हा मिळेल हे सांगणे आवश्यक होते, म्हणून ते वाक्य ठेवले.

परिणाम

समन्वयकांचे उत्तर तासाभरात आले. माफीबद्दल त्यात एक अक्षर नव्हते. "25 चालेल" एवढे लिहून त्यांनी विचारले होते: "प्रकरण 5 मधील फलकाची आकृती नवी आहे की जुनी?"

ती जुनी होती. प्रकरण 5 ची तपासणी सुधारित आराखडे येण्यापूर्वीच पूर्ण झालेली असल्यामुळे यादीत त्यापुढे "पूर्ण" अशी नोंद होती, आणि त्या नोंदीवर विसंबून पत्रात ते तयार असल्याचे लिहिले गेले होते. गटप्रमुखांनी लगेच कळवले की ती एक आकृती बदलायची राहिली आहे, तिच्या जागी ठळक सूचना टाकून प्रकरण आज पाठवत आहोत आणि नवी आकृती बुधवारी संध्याकाळी देऊ. आकृतीकाराने ती आकृती आधी घेतली, त्यामुळे उरलेल्या सातांपैकी एक गुरुवारवर गेली आणि राखून ठेवलेल्या दिवसातील जवळपास अर्धा भाग तेथेच संपला. प्रशिक्षणात मात्र नवी आकृती वापरता आली. शुक्रवारी 12 वाजता ठरल्याप्रमाणे निरोप गेला आणि अंतिम फाइल्स 25 तारखेला दुपारीच पोहोचल्या. 24 तारीख दिली असती तर ती नक्की चुकली असती.

कंपनीने करारानुसार विलंबाची कपात पूर्ण घेतली आणि गटाने त्यावर हरकत घेतली नाही. चांगल्या पत्रामुळे कपात टळेल अशी अपेक्षा काही जणांची होती. ती मला तेव्हाही योग्य वाटत नव्हती, कारण पत्राचे काम समोरच्याला पुढचे नियोजन करता यावे एवढेच होते. काही आठवड्यांनी त्याच कंपनीने पुढील यंत्राची पुस्तिका याच गटाला दिली, मात्र या वेळी मध्ये दोन टप्प्यांच्या तारखा घालून.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत मोठा फरक गुरुवारी, 13 तारखेला पडला असता. त्या दिवशी "उद्याची मुदत पाळली जाणार नाही, नवी तारीख उद्या दुपारपर्यंत देते" एवढे लिहिले असते, तर समन्वयकांना प्रशिक्षणाची तयारी आठवड्याअखेरीपूर्वी हलवता आली असती आणि माफीच्या पत्रातील सर्वांत अवघड वाक्य लिहावेच लागले नसते.

दुसरी गोष्ट प्रकरण 5 ची. ज्या कारणाने उशीर झाला त्या कारणाचा स्पर्श "तयार" म्हणून पाठवल्या जाणाऱ्या भागाला झाला आहे का, हे पत्र जाण्यापूर्वी तपासायला हवे होते. सुधारित आराखडे घेऊन सहा प्रकरणांतील आकृत्या चाळायला अर्धा तास पुरला असता.

तिसरी गोष्ट पत्राच्या शेवटच्या वाक्याची. "प्रत्येक बदल मी त्याच दिवशी पाठवीन" हे वचन एका व्यक्तीच्या लक्षात राहण्यावर उभे आहे, आणि नेमके तेच एकदा अपुरे पडले होते. गटप्रमुख रजेवर असतील त्या दिवशी ते आपोआप मोडते. त्याऐवजी बदलांची एक सामाईक नोंदवही ठेवून ग्राहक, लेखक आणि आकृतीकार या तिघांनाही ती पाहता येईल असे लिहिले असते, तर वचन छोटे झाले असते, पण पाळण्याजोगे झाले असते. पुढील पुस्तिकेच्या वेळी गटाने तशी नोंदवही ठेवली. तिच्यात बदल आल्याची तारीख आणि तो आकृतीकाराकडे गेल्याची तारीख असे दोन रकाने शेजारी शेजारी आहेत.